शिक्षकांच्या मुलाखती: १३८ कोड झाले, थीम कशा काढू?

गोदाकाठ_९२
एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या ११ जि.प. शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या. १३८ कोड निघाले. त्यांचे गट पाडले: भाषा, पालक, ऑनलाइन कामं, इमारत. मॅडम म्हणाल्या, "या थीम नाहीत, ही तुझी प्रश्नावलीच परत आली." पटलं, पण पुढे काय करू?

सातपूरकर
कोणता कोड किती मुलाखतींत आला ते मोजा. सात-आठ जणांकडे आला की थीम. बाकीचे सोडून द्या.

जुना_मास्तर
मोजून बघा जरूर, एकाच मुलाखतीतून आलेले कोड लगेच दिसतात. पण थीम त्यावरून ठरत नाही. भाषेबद्दल तुम्हीच विचारलंत, मग ती सगळ्यांकडे येणारच. गटाचं नाव वाचून शिक्षकांचं म्हणणं कळायला हवं, ताई. "भाषा" वरून काय कळतं? थोडे कोड मूळ वाक्यांसह टाका.

गोदाकाठ_९२
भाषा: "घरी कोकणी बोलतात, म्हणून धडा आधी त्यांच्या बोलीत सांगते." "धडा दोनदा शिकवते, टाचणात एकदाच दिसतो."
पालक: "आईबाप द्राक्षबागांत मजुरीला गेले की मुलं शोधून आणतो."
ऑनलाइन: "फोटो अपलोड करायला रेंजसाठी टेकडीवर जातो, तेवढा वेळ वर्ग रिकामा."

स्वाती_सिन्नर
माझे २०० शिक्षकांचे फॉर्म आहेत, अल्फा ०.६२ आलाय. चालेल का?

जुना_मास्तर
स्वातीताई, तो प्रश्नावलीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न, वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

गोदाकाठ, ते टाचणाचं वाक्य धरा. बोलीत धडा सांगणं आणि मुलं शोधून आणणं तुमच्याकडे दोन गटांत आहे, पण दोन्ही कामं शिकवणं सुरू होण्याआधीची आहेत आणि कुठेच नोंदली जात नाहीत. फोटोचं उलट आहे: नोंद होते, पण वर्गाचा वेळ जातो. म्हणजे एक थीम अशी लिहून बघा: "शिकवता यावं म्हणून केलेलं काम नोंदीत येत नाही." आता अकराही मुलाखती पुन्हा वाचा, आणि या वाक्याला छेद देणारं कोण बोललंय ते मुद्दाम शोधा. असं कोणी सापडलं तर त्याला वगळू नका, थीमचं वाक्य बदला. इमारतीचे कोड बसत नसतील तर तूर्त बाजूला ठेवा, ओढूनताणून कोंबू नका.

गोदाकाठ_९२
सापडले! दोन शिक्षक स्वतः कोकणा समाजातले आहेत. एक म्हणतात, "आपल्याच बोलीत सांगायचं, त्यात जास्तीचं काम कसलं?"

जुना_मास्तर
छान. म्हणजे बोलीत सांगणं बाहेरून आलेल्यांनाच जास्तीचं काम वाटतंय. मुलं शोधून आणण्याबद्दल हे दोघं काय म्हणतात? तेही ओझं मानत नसतील तर थीमची हद्दच बदलेल.

गोदाकाठ_९२
आज रात्री वाचते. आणखी एक अडचण आहे. मॅडमना दुसऱ्या कोणाकडून कोडिंग करून जुळणीची टक्केवारी हवी आहे.

सातपूरकर
द्यावीच लागेल, व्हायव्हात विचारतात.

जुना_मास्तर
थीम काढण्याच्या ब्राउन-क्लार्कच्या पद्धतीत ती टक्केवारी बसत नाही. तिथे अर्थ लावणाऱ्याची नजर विश्लेषणाचाच भाग असते, दोघांचं जुळणं हा निकष नसतो. सोबतिणीशी चर्चा करा, त्याची टिपणं जोडा. मॅडम तेवढ्यावर मानतील का, ते त्यांनाच विचारा.