प्रतिसाद: झालरीपेक्षा पाठीचा कोपरा पाहा

"विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत झालर शिवलेली दिसते आहे. म्हणजे गालिचा यंत्रावरचाच ना?"

एवढ्यावरून निर्णय देऊ नये. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची झालर म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचीच टोके असतात, त्यामुळे ती विणीतून अखंड बाहेर येते. यंत्रावरच्या गालिच्याला ती बहुधा नंतर शिवलेली असते. मात्र जुन्या, वापरलेल्या गालिच्याची मूळ झालर झिजली की दुरुस्तीत नवी शिवतात, आणि तिथेच फसगत होते.

आमच्या धरमपेठेतल्या ताईंनी गेल्या वर्षी असाच एक गालिचा पाहिला होता. झालरीवर सरळ शिलाई होती, म्हणून त्या नको म्हणत होत्या. मी पाठीचा कोपरा उलटवून, तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून काढलेला फोटो मागवला. त्यात प्रत्येक गाठ सुटी दिसत होती, ओळींची उंची किंचित कमीजास्त होती, आणि काठावरचे एकच फूल एका टोकाला 14 गाठी, तर दुसऱ्या टोकाला 16 गाठी रुंद होते. यंत्र अशी चूक करत नाही. गालिचा हातचाच होता, झालर तेवढी बदललेली होती.

पाठीवर कापड चिकटवलेले असेल, तर मात्र गाठी मोजण्याचा प्रश्नच येत नाही. असा गालिचा बहुधा हातात धरायच्या बंदुकीसारख्या अवजाराने कापडात लोकर टोचून, मागून रबरी डिंक लावून केलेला असतो. त्यामुळे "हँडमेड" हा शब्द खोटा नसला, तरी त्याला गाठी मारलेल्या गालिच्याची किंमत देऊ नये.