मदत हवी आहे: बॉक्साइटपासून ॲल्युमिनिअम शिकवताना फळ्याची मांडणी कशी करावी?

परळ-दुपारसत्र

नमस्कार. मी परळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात अठ्ठावन्न मुले आहेत, तास पस्तीस मिनिटांचा आहे आणि भिंतीवरचा हिरवा फळा दहा फूट रुंद व चार फूट उंच आहे. धातुविज्ञानातील बेअर पद्धती आणि त्यानंतरचे विद्युत अपघटन मी मागच्या आठवड्यात दोन तासांत पूर्ण केले. नंतर वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा एकतीस वह्यांमध्ये एकच चूक आढळली: गाळून वेगळ्या केलेल्या लाल गाळाच्या चौकटीखाली बाण काढून मुलांनी Al(OH)3 लिहिले होते.

ही चूक माझ्या फळ्यामुळे झाली, असे मला वाटते. बॉक्साइटपासून सुरुवात करून मी सर्व टप्पे डावीकडून उजवीकडे एका ओळीत लिहीत गेले. खिडकीजवळ जागा संपली, म्हणून पुढचा टप्पा लाल गाळाच्या चौकटीखाली मोकळ्या जागेत लिहिला. शिवाय विद्युत घटाची आकृती काढण्यासाठी मधला भाग पुसला, आणि तोपर्यंत मागच्या बाकांवरच्या मुलांचे तो भाग लिहून झालेला नव्हता. पुढच्या सोमवारी दुसऱ्या तुकडीला हाच पाठ घ्यायचा आहे. टाचणवहीत फळ्याचा आराखडा आधीच काढून ठेवायचा आहे, पण प्रवाहतक्ता, समीकरणे आणि आकृती एकाच फळ्यावर कशी बसवावी, हे उमगत नाही.

खडू-आणि-डस्टर

मॅडम, रंगीत खडू वापरा. लाल गाळासाठी लाल, द्रावणासाठी निळा आणि अवक्षेपासाठी पांढरा असे ठरवले की मुले गोंधळत नाहीत. आणि आकृतीसाठी सोपी युक्ती अशी की नववीत दाखवतात तसे भांड्यात दोन कांड्या बुडवलेले चित्र काढावे. ते मुलांच्या ओळखीचे असते, त्यामुळे वेळ वाचतो.

मुलुंडची-निवृत्त-बाई

रंगांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. हिरव्या फळ्यावर लाल आणि निळा खडू शेवटच्या बाकावरून जवळजवळ दिसतच नाही. पांढरा आणि पिवळा हे दोनच रंग भरवशाचे. लाल-हिरवा भेद न कळणारी मुलेही वर्गात असू शकतात. दोन कांड्यांची आकृती मात्र मुळीच काढू नये. या घटात पोलादी टाकीला आतून दिलेले ग्रॅफाइटचे अस्तर हेच ऋणाग्र असते. कांडी दाखवली, तर मूल ॲल्युमिनिअम कांडीला चिकटलेले काढते, आणि द्रवरूप धातू टाकीच्या तळाशी का साचतो, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

आता मूळ अडचणीकडे येते. बाई, तुमचा फळा आडवा आहे आणि मुलांच्या वहीचे पान उभे आहे. आडवी ओळ पानावर मावत नाही, म्हणून प्रत्येक मूल ती आपल्या मनाने मोडते. म्हणून फळ्याच्या डावीकडचे चार फूट वहीच्या पानासारखे उभे वापरावे, मधले चार फूट आकृतीसाठी राखावे आणि उजवीकडचे दोन फूट कच्च्या कामासाठी ठेवावे. पुसायचे ते फक्त उजवीकडचेच.

या पाठात खरी मेख गाळण्याच्या दोन क्रियांत आहे. पहिल्या वेळी गाळलेले द्रावण पुढे जाते आणि वर राहिलेला लाल गाळ बाजूला पडतो, कारण आयर्न ऑक्साइड NaOH मध्ये विरघळत नाही. दुसऱ्या वेळी नेमके उलटे घडते: वर राहिलेला अवक्षेप पुढे जातो आणि खालचे द्रावण बाजूला निघते. एकदा द्रावण पुढे गेलेले पाहिले की मूल तोच नियम मानते किंवा अंदाजाने लिहिते. म्हणून मी एकच कसोटी देत असे: मधल्या उभ्या रेषेवर ज्याच्या सूत्रात Al आहे तेच लिहायचे, आणि प्रत्येक चौकटीत Al खाली रेघ मारायची. चौकटी चारच होतात:

```
Al2O3·nH2O
NaAlO2
Al(OH)3
Al2O3
```

जे बाजूला पडते, ते डावीकडे समासात जाते. लाल गाळ समासात आणि दुसऱ्या वेळचे NaOH चे द्रावणही समासात. ते NaOH पुन्हा वापरता येते, म्हणून त्याचा बाण समासातूनच वर पहिल्या टप्प्याकडे न्यावा, पण तो सर्वात शेवटी. समीकरणे प्रत्येक बाणाच्या उजवीकडे, त्याच पातळीवर लिहावीत.

उंचीही मोजून घ्या. खालचे दहा इंच मागच्या मुलांना दिसत नाहीत, म्हणजे अडतीस इंच उरतात. चार चौकटी प्रत्येकी पाच इंच आणि तीन बाण प्रत्येकी पाच इंच धरले, तर पस्तीस इंच होतात. बाणावर तापमान लिहायला एवढी जागा लागतेच: पहिल्यावर 140 ते 150 अंश सेल्सिअस आणि उच्च दाब, दुसऱ्यावर पाणी घालून 50 अंशांपर्यंत थंड करणे, तिसऱ्यावर 1000 अंश. पाचवी चौकट काढू नये. Al2O3 पासून बाण उजवीकडे वळवून थेट मधल्या टाकीत न्यावा, म्हणजे आकृती वेगळी न राहता पुढचा टप्पा ठरते.

विरार-लोकल

आमच्याकडे फळ्याऐवजी प्रोजेक्टर आहे आणि मी तांब्याच्या शुद्धीकरणाची आकृती पडद्यावर दाखवतो. पण मुले वहीत काहीच उतरवत नाहीत. यावर कोणी उपाय सांगेल का?

मुलुंडची-निवृत्त-बाई

सर, तुमचा प्रश्न वेगळा आहे, कृपया त्यासाठी नवा धागा काढावा. येथे एवढेच सांगते की तयार आकृती एकदम समोर आली, तर हात चालत नाही. ती तुकड्यातुकड्याने उघडावी लागते.

परळ-दुपारसत्र

बाई, मनापासून आभार. काल शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात पूर्ण फळा लिहून पाहिला आणि शेवटच्या बाकावर बसून वाचला. चार चौकटी दिसतात. अडचण समीकरणांची आहे: पहिले समीकरण चार फुटांत मावत नाही, कारण समासाला एक फूट आणि चौकटीला दीड फूट गेल्यावर दीडच फूट उरतो. ते बाणापाशी तोडून दोन ओळींत लिहिले:

```
Al2O3·nH2O + 2NaOH
  → 2NaAlO2 + (n+1)H2O
```

अक्षरे थोडी लहान करून ते कसेबसे बसले. आकृतीचा क्रम मी असा ठरवला आहे: आधी टाकी, मग अस्तर आणि त्यावर ऋण चिन्ह, मग वितळलेल्या मिश्रणाची पातळी, त्यानंतर तळाला न टेकणाऱ्या ग्रॅफाइटच्या कांड्या आणि धन चिन्ह, आणि शेवटी तळाचा ॲल्युमिनिअमचा थर. क्रायोलाईट आणि फ्लुओरस्पारचे नाव मिश्रणाची पातळी काढतानाच घ्यावे, असे वाटते, कारण ॲल्युमिनाचा वितळणबिंदू 2000 अंशांच्या वर आहे आणि तो खाली आणल्याशिवाय हे मिश्रण 1000 अंशांच्या आसपास वितळलेले कसे, हे मुले विचारतातच.

टाचणवही

क्रम उत्तम आहे. कांड्यांपाशी तयार होणारा ऑक्सिजन कार्बनशी संयोग पावतो आणि कांड्या झिजतात; हे सांगताना एका कांडीचे खालचे टोक बोटाने थोडे पुसून दाखवले, तर ‘धनाग्रे वेळोवेळी बदलावी लागतात’ हे वाक्य मुलांना आपोआप लिहिता येते. मात्र समासात लिहायला मी शिकवणार नाही. उत्तरपत्रिकेत समास प्रश्नक्रमांकासाठी असतो आणि वर्षभराची सवय परीक्षेत सुटत नाही. मी बाजूला पडणारे पदार्थ चौकटीच्या उजवीकडे लिहितो आणि समीकरणे क्रमांक देऊन खाली एकत्र घेतो.

मुलुंडची-निवृत्त-बाई

उत्तरपत्रिकेबद्दलचे म्हणणे रास्त आहे. पण समीकरणे खाली एकत्र घेतली, तर कोणते समीकरण कोणत्या बाणाचे, हे जुळवण्याचे काम पुन्हा मुलावर येते. वहीत समासाची रेघ सोडून आत आणखी एक पुसट उभी रेघ मारून घेतली, तर कदाचित दोन्ही साधेल. मी स्वतः तसे करून पाहिलेले नाही.

परळ-दुपारसत्र

सोमवारी आतली रेघ मारायला लावते, आणि मंगळवारी वह्या गोळा करून लाल गाळाखाली किती जणांनी बाण काढला, ते येथे कळवते.