‘ओळखा पाहू’ म्हणजे सापांचा मटका आहे का?

पेजवाला: आमच्या सापांच्या पेजवर जेमतेम ६०० माणसं. माहिती लिहिली की चार लाइक, ‘ओळखा पाहू’ टाकलं की साठ कमेंट. उत्तर दुसऱ्या दिवशी देतो. यात लोकांना काय खुपतं?

रात्रपाळी: परवाचा तुमचा मण्यारीचा फोटो बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. शेपटाकडचा भाग कुंडीमागे. सगळ्यात वर, सर्वाधिक लाइक मिळालेली कमेंट: ‘कवड्या, बिनविषारी, घाबरू नका.’ ती रात्रभर तशीच. उत्तर वेगळ्या पोस्टमध्ये, ते किती जणांनी पाहिलं? कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटाकडे विरत जातात. मण्यारीचं उलटं, पुढे पुसट आणि मागे ठळक, बहुधा जोडीजोडीने. म्हणजे ओळखायची खूणच तुम्ही कुंडीमागे ठेवलीत! त्यात मण्यारीच्या पिल्लांना कधीकधी पुढपर्यंत पट्टे असतात. आणि साठ कमेंट मी मोजल्या. माणसं एकवीस, तुमचंच ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ सव्वीस वेळा.

डिजिटलराव: फेसबुकने २०१७ मध्येच अशा पोस्ट मागे ढकलायचं जाहीर केलंय. क्विझ बंदच करा.

रात्रपाळी: अर्धवट सांगू नका. ते ‘लाइक करा, मित्राला टॅग करा’ अशी भीक मागणाऱ्या पोस्टबद्दल होतं. साधा प्रश्न विचारायला कोणाची बंदी नाही.

विहिरीकाठचा: माझं काय ते आधी सांगा! मागच्या महिन्यात मी ‘विरोळा’ लिहिलं, तुम्ही लाल फुली मारलीत आणि दुसऱ्या दिवशी उत्तर ‘पाणदिवड’. अहो, एकच साप तो! आमच्या विहिरीत जन्मभर विरोळाच पोहतोय.

पेजवाला: पुस्तकात दिवड आहे.

विहिरीकाठचा: पुस्तकवाले आमच्या विहिरीवर आले होते का? त्या दिवसापासून आमच्या गावातल्या एकानेही तुमच्या पेजवर उत्तर दिलेलं नाही. बघा तपासून.

शिक्षिका_सातवी: बरोबर बोलताहेत. वर्गात मीही एकदा असंच एका मुलाचं उत्तर चूक ठरवलं. वर्ष संपेपर्यंत त्याने हात वर केला नाही.

अंगणातली: आमच्या अंगणात काल काळा साप आला होता. मीठ टाकावं का?

रात्रपाळी: मिठाने काही होत नाही ताई. लांबून नजर ठेवा, सर्पमित्राला बोलवा. (बघा पेजवाले, कोण कोण वाचतं इथे.)

पेजवाला: मग काय, उत्तर लगेच सांगून टाकू? मजाच गेली की!

रात्रपाळी: विषारी जातीचा खेळ नकोच. खेळायचं तर धामण घ्या, दिवड घ्या. फोटो अख्ख्या सापाचा, प्रश्न ‘पट्टे कुठून सुरू होतात?’ असा, म्हणजे बघावं लागतं, नुसतं नाव फेकता येत नाही. संध्याकाळी सातला प्रश्न, नऊला त्याच पोस्टच्या मजकुरात पहिल्या ओळीवर उत्तर. चुकलेल्याला फुली नको, तो कशामुळे फसला तेवढं लिहा.

पेजवाला: दोन तासांत वीस कमेंटही येणार नाहीत.

रात्रपाळी: नाही येणार.

पेजवाला: …परवाच्या पोस्टमध्ये उत्तर घातलंय. कुंडीमागचा फोटोही जोडतो. आपल्या कृपेने.

विहिरीकाठचा: आणि विरोळा?