"मतं वैयक्तिक आहेत" लिहिलं की मोकळे?

धागाकर्ता: आमच्या कंपनीत पाच ओळींचा मेमो आलाय, सोशल मीडियावर कंपनीबद्दल काय लिहावं नि काय नाही. माझ्या प्रोफाइलवर 'मतं वैयक्तिक' असं स्पष्ट लिहिलंय, मग मी माझ्या अकाउंटवर काय लिहितो याच्याशी कंपनीचा संबंध काय?

सचिव_पुणे: हे वाक्य वाचून वाचून डोकं उठलंय म्हणून सविस्तर लिहिते. मी लिस्टेड कंपनीत कंप्लायन्स बघते. आमच्या सेल्समधल्या एका मुलाने ३ जुलैला पोस्ट टाकली, "या क्वार्टरला आमच्या विभागाने टार्गेटच्या दीडपट धंदा केला", सोबत टीमचा फोटो. क्वार्टर ३० जूनला संपलेला, निकाल जाहीर व्हायचे होते, ट्रेडिंग विंडो बंद, म्हणजे आतल्या लोकांना कंपनीचे शेअर घ्यायला-विकायला मनाई. निकालाचा अंदाज देणारा आकडा बाहेर गेला की ते सेबीच्या २०१५च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांचं उल्लंघन ठरू शकतं, त्याने स्वतः एकही शेअर घेतलेला नसला तरी, कारण माहिती बाहेर देणं हाच तिथे वेगळा गुन्हा आहे. 'मतं वैयक्तिक' काय कामाचं? आकडा हे मत नसतं.

टेस्टर_नाशिक: म्हणजे आता कंपनीबद्दल तोंडच उघडायचं नाही का!!

सचिव_पुणे: असं कुठे म्हटलं मी? कँटीनचं जेवण वाईट आहे, पगार उशिरा होतो, खुशाल लिहा, निकालाचे आकडे नकोत इतकंच. फोटो टाकण्याआधी मागचा व्हाइटबोर्ड बघा. त्या मुलाच्या फोटोत क्लायंटचं नाव नि तारीख वाचता येत होती. दोन तासांत पोस्ट काढली, तोवर स्क्रीनशॉट फिरले होते.

तलाठी_दादा: आमच्याकडे तर जुलै २०२५ला जीआरच निघाला, सरकारी धोरणावर टीका केली तर कारवाई.

सचिव_पुणे: दादा, तुम्हाला १९७९चे वर्तणूक नियम आहेत, खाजगी नोकरीला ते लागत नाहीत.

टेस्टर_नाशिक: आणि कौतुकाचं काय? आमचा एचआर दर शुक्रवारी लिंक पाठवतो, लाइक करा, पाच स्टार द्या, नाही दिले तर मॅनेजर विचारतो. मी नवऱ्याच्या फोनवरूनसुद्धा दिलेत. तेव्हा मेमो कुठे असतो?

मार्केटिंगवाला: आमच्याकडेही हेच, पण ते प्रमोशन, चालतं.

सचिव_पुणे: नाही चालत. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोकरीचं नातंसुद्धा जाहीर करायच्या संबंधांत येतं. 'मी इथेच काम करतो' न सांगता स्तुती म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक.

मार्केटिंगवाला: ती तत्त्वं इन्फ्लुएन्सरसाठी आहेत, साध्या नोकरदाराला कोण विचारतंय?

टेस्टर_नाशिक: मला रोज विचारतात! पाच स्टार दिलेस का म्हणून.

धागाकर्ता: मेमो परत वाचला. आकड्यांची ओळ दुसऱ्या नंबरला आहे, ते मान्य, पटत नसलं तरी. पण पाचवी ओळ आहे 'कंपनीच्या प्रतिमेला बाधा येईल असं काही लिहू नये'. यात पगार उशिरा झाला हे लिहिणं येतं की नाही?

सचिव_पुणे: ही ओळ मी मेमोत ठेवली नसती. एचआरला लेखी विचारा, उत्तर मेलवर घ्या.

टेस्टर_नाशिक: लेखी विचारलं की अप्रेझलमध्ये दिसतं, मॅडम.