टॅबच्या बटणाला नवशिक्याने हात लावावा की नाही?

मानेवाडा_नवीन
मी मानेवाड्याहून सीताबर्डीला पायथॉनच्या क्लासला जाते, दुसराच आठवडा आहे. सातच्या पाढ्याचा छोटा प्रोग्राम लिहिला. क्लासमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो `IndentationError: unexpected indent` म्हणतो. तीच फाइल पेनड्राइव्हवर घरी आणली, तर `TabError: inconsistent use of tabs and spaces in indentation`. ओळी तर एका रेषेत दिसतात. सर म्हणतात, टॅबचं बटण वापरूच नका. हे बरोबर आहे का? आणि एकाच फाइलला दोन वेगळे एरर कसे?

धंतोली७
`for` च्या ओळीच्या शेवटी कोलन राहिला असेल. माझं नेहमी तेच व्हायचं. कोलन टाका, एरर जाईल.

मानेवाडा_नवीन
कोलन आहे दादा, तीनदा पाहिला.

महालकर
कोलन राहिला असता तर एरर वेगळा आला असता. क्लासमधल्या मशीनवर लिनक्स असेल तर तिथे `cat -A pahada.py` चालवून जे येईल ते इथे टाका. डोळ्याला दिसतं त्यावर इथे भरवसा ठेवता येत नाही.

मानेवाडा_नवीन
आज क्लासमध्ये चालवलं. हे आलं:

```
for i in range(1, 11):$
    n = 7 * i$
^Iprint(n)$
```

महालकर
सापडलं. दुसऱ्या ओळीआधी चार स्पेस आहेत. तिसरीआधी `^I` आहे, म्हणजे एक टॅब. डॉलरचं चिन्ह फक्त ओळ कुठे संपली ते दाखवतं. तुमचा एडिटर टॅब चार घरं रुंद दाखवतो, म्हणून दोन्ही ओळी एका रेषेत दिसतात. पायथॉनला मात्र एडिटरने टॅब किती रुंद दाखवला ते कळतच नाही. त्याच्यापुढे फक्त फाइलमधली अक्षरं असतात.

आता दोन एरर का ते सांगतो. क्लासमध्ये नक्की पायथॉन 2 असणार, `python --version` करून पाहा. पायथॉन 2 टॅब दिसला की सरळ पुढच्या आठाच्या पटीपर्यंत उडी मारतो. म्हणजे दुसरी ओळ चौथ्या घरावर, तिसरी आठव्या घरावर. वर कोलन नसताना ओळ आणखी आत गेली, म्हणून तो म्हणतो `unexpected indent`. पायथॉन 3 तीच ओळ दोनदा मोजतो: एकदा टॅब आठ धरून, एकदा टॅब एक धरून. आठ धरला तर तिसरी ओळ दुसरीपेक्षा आत जाते, एक धरला तर बाहेर येते. दोन मोजण्यांचा मेळ बसत नाही, म्हणून तो अंदाज न बांधता `TabError` देऊन थांबतो.

यातून एक खूण हाती लागते. पायथॉन 3 वर `unexpected indent` आला, तर ती ओळ वरच्या ओळीपेक्षा खरोखरच आत सरकलेली असते, मग टॅबची रुंदी कितीही धरा. बहुतेक वेळा सुरुवातीला एखादी जास्तीची स्पेस निघते. दिसायला सरळ असलेल्या ओळींवर हा एरर येतो तो पायथॉन 2 मध्ये. जुन्या पुस्तकांत `unexpected indent` चं खापर कायम टॅबवर फोडलेलं असतं, त्याचं कारण हेच.

प्रतापनगर_कोडर
मग सोपं आहे की. टॅब म्हणजे आठ स्पेस. चाराच्या जागी आठ स्पेस दिल्या की टॅबशी बरोबरी होईल आणि फाइल चालेल.

महालकर
पायथॉन 2 वर चालेल. पायथॉन 3 वर नाही. आठ धरून मोजलं तर दोन्ही ओळी आठवर येतात, पण एक धरून मोजलं तर एक ओळ आठवर आणि दुसरी एकवर. पुन्हा `TabError`. करून पाहा.

प्रतापनगर_कोडर
केलं, `TabError` च आला. पण माझ्या एका फाइलमध्ये वरचं फंक्शन टॅबचं आहे आणि खालचं स्पेसचं, ती तर पायथॉन 3 वर वर्षभर बिनतक्रार चालतेय. ते कसं?

महालकर
कारण दोन्ही फंक्शन वेगवेगळे ब्लॉक आहेत. एक ब्लॉक संपून कोड डाव्या कडेला आला की त्याचा हिशोब मिटतो, पुढच्याचा नव्याने सुरू होतो. पण वरच्या फंक्शनमधली एक ओळ उचलून खालच्यात चिकटवा, त्या क्षणी भांडण सुरू. "काल तर चालत होतं" म्हणणाऱ्यांचं बरेचदा हेच झालेलं असतं.

खामला_शिक्षिका
मूळ प्रश्नावर येते. "टॅब वापरूच नका" हा नियम मला पटत नाही, आणि मी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते म्हणून ठामपणे बोलते. टॅब बंद केला की मुलं स्पेसबार मोजत बसतात. मागच्या महिन्यात कामठीहून येणारी एक मुलगी ओठ हलवत एक-दोन-तीन-चार मोजत होती. सहाव्या ओळीला पाच झाल्या आणि `unexpected indent` आला. टॅब कुठेच नव्हता! बटण तेच राहू द्या, एडिटर नीट लावून द्या. आयडलमध्ये किंवा व्हीएस कोडमध्ये टॅब दाबला की मुळातच चार स्पेस पडतात. घोळ होतो तो साध्या नोटपॅडमुळे, कारण तिथे खरा टॅब पडतो.

महालकर
मॅडम, एडिटरबद्दल मान्य. पण ही मुलं उद्या दुसऱ्याच्या मशीनवर बसतील, तिथली सेटिंग वेगळी असेल. त्यांना स्वतः ओळखता यायला हवं. कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेऊन उजवा बाण दाबा. एका दाबात चार घरं ओलांडली तर बहुधा टॅब, चार वेळा दाबावं लागलं तर स्पेस. बहुधा म्हणतो, कारण काही एडिटर चार स्पेसही एका दमात ओलांडतात. व्हीएस कोडमध्ये ती जागा नुसती सिलेक्ट केली तरी स्पेसच्या जागी ठिपके आणि टॅबच्या जागी बाण दिसतो. हे पहिल्याच तासाला दाखवावं.

मिहान_शिफ्ट
स्पेसचा एवढा आग्रह का, हेच मला कळत नाही. आमच्याकडे मेकफाइल आहेत, तिथे कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस दिल्या की मेक थांबतं. गो भाषेचा फॉर्मॅटर स्वतःच टॅब घालतो. माझ्या टीममध्ये एकाची दृष्टी अधू आहे. तो टॅबची रुंदी स्वतःपुरती वाढवून घेतो, स्पेसच्या फाइलमध्ये त्याला तसं करता येत नाही. पूर्ण फाइल टॅबची असेल तर पायथॉन 3 ची काही हरकत नसते.

खामला_शिक्षिका
हरकत नसते हे खरं. पण पायथॉनच्या लिखाणाचे जे संकेत आहेत, पेप 8, त्यात चार स्पेसच सांगितल्या आहेत आणि नेटवरून मुलं जो कोड उचलतात तो जवळजवळ सगळा तसाच असतो. टॅबच्या फाइलमध्ये तो चिकटवला की झालाच घोळ. तुमच्या सहकाऱ्याचा मुद्दा मात्र मोठा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मानेवाडा_नवीन
क्लासमध्ये पायथॉन 2.7 च निघाला. घरी व्हीएस कोडमध्ये `Convert Indentation to Spaces` केलं, फाइल चालली, सत्तरपर्यंत पाढा आला. तेवढं करून सोडून देऊ?

महालकर
तुमच्या फाइलपुरतं हो. दुसऱ्याची फाइल असेल तर आधी टॅब किती रुंद धरलाय ते खाली उजवीकडे पाहा. लिहिणाऱ्याने टॅब आठचा धरून स्पेससोबत मिसळला असेल आणि तुमच्याकडे चार असेल, तर `if` च्या आतली ओळ बाहेर येऊन बसेल. मग एरर न येता उत्तर चुकेल, आणि तशी चूक शोधायला एररपेक्षा जास्त वेळ जातो. बदल केल्यावर प्रत्येक `if` आणि `for` च्या खालचं एकदा डोळ्याखालून घाला.

आणि सरांना त्या मशीनवर पायथॉन 3 टाकायला सांगा. पायथॉन 2 चा सांभाळ 1 जानेवारी 2020 लाच थांबला आहे.

धंतोली७
माझाही एरर कोलनचा नव्हता बहुतेक. आत्ता जुनी फाइल उघडली, बाराव्या ओळीत बाण दिसतोय.