मदत हवी आहे: रात्रपाळीनंतर झोपेआधी काय पाहावं?

सकाळी आठला घरी, नऊला झोप. मधे एकच भाग बसतो, तोही 20-25 मिनिटांचा. शेवटी रहस्य टांगून ठेवणाऱ्या मालिका नकोत. त्यात पुढचा भाग लावला जातोच आणि नऊचे अकरा होतात. (ऑटोप्ले बंद केलंय, पण बोट ऐकत नाही!) ‘मिडनाइट डायनर: टोकियो स्टोरीज’ मापात बसते: प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी, तिथेच संपणारी. अडचण एकच, जपानी संवादांमुळे सबटायटल्स वाचावी लागतात आणि डोळे मिटले की धागा सुटतो. अशीच, पण मराठी किंवा हिंदीतली, नुसती ऐकूनही कळेल अशी मालिका सुचवा. पार्श्वसंगीत अचानक दणकणारं नको. सुट्टीच्या दिवसासाठी दीड तासाच्या आतले चित्रपटही चालतील.