शब्द हवा: ‘कॉफिन कॉर्नर’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी, सातारा:
आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विमानांवरचा एक तक्ता करते आहे. खूप उंचावर विमानाचा वेग थोडा कमी झाला तर ते स्टॉल होतं आणि थोडा वाढला तर वेगमर्यादा ओलांडतं. या अवस्थेला कॉफिन कॉर्नर म्हणतात. मी ‘शवपेटीचा कोपरा’ लिहिलं. सातवीतल्या मुलीनं विचारलं, “बाई, शवपेटी विमानात कुठे ठेवतात?” तेव्हा कळलं की हा शब्द अर्थाकडे नेतच नाही. दुसरा सुचवा, आणि उंचावरच असं का होतं तेही सांगा. ते नीट समजल्याशिवाय शब्द सापडायचा नाही.

घाटवाट, सांगली:
स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं ना? मी २२ वर्षं ट्रक चालवला. खंबाटकी चढताना गिअर चुकला की गाडी धाडकन बंद पडायची. वर हवा विरळ, इंजिनाला दम कमी, म्हणून बंद पडत असणार. ‘दम तुटणे’ असं काही लिहा.

मिरजवाला:
काका, इंजिनाचा संबंध नाही. पंखाची पकड सुटते, त्याला स्टॉल म्हणतात. वर हवा विरळ म्हणून पकड कमी. आणि हवा विरळ झाली की आवाजाचा वेगही कमी होतो, त्यामुळे दोन्ही मर्यादा जवळ येतात. माझ्या मते ‘मृत्युकोपरा’ लिहावं.

कृष्णाकाठ, सांगली:
हवाई दलात विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मिरजवाल्यांचं पहिलं वाक्य बरोबर आहे, आवाजाबद्दलचं नाही. आवाजाचा वेग हवेच्या विरळपणावर नाही, तापमानावर ठरतो. समुद्रसपाटीला १५ अंशांच्या हवेत तो ६६१ नॉट असतो. ११ किलोमीटरवर उणे ५६ अंशांत ५७३ होतो. तिथून २० किलोमीटरपर्यंत तापमान जवळपास तेच राहतं, म्हणून आवाजाचा वेगही तोच. हवा मात्र त्या टप्प्यात चौपट विरळ होते. कोपरा आवळतो तो याच टप्प्यात.

ताई, आता विमानातला वेगाचा काटा डोळ्यांसमोर आणा. समोरून येणारी हवा नळीत किती जोरानं दाबते, ते हा काटा दाखवतो. पंखालाही त्या दाबाशीच मतलब. म्हणून एखादं विमान काट्यावरच्या १०० नॉटला स्टॉल होत असेल, तर ते साताऱ्यावरही १०० ला आणि २० किलोमीटरवरही साधारण १०० लाच स्टॉल होणार. फक्त तिथे काटा १०० वर यायला खरा वेग ३७१ नॉट लागतो.

वरची मर्यादा खऱ्या वेगाची. पंखाची पाठ फुगीर असते, तिच्यावरून हवा विमानापेक्षा जास्त वेगानं सरकते. त्यामुळे विमान आवाजाच्या मागेच असतं, पण पंखावरची हवा आवाजाला गाठते. तिथे धक्कालहर उभी राहते, प्रवाह फाटतो, विमान थरथरतं आणि नाक खाली ओढलं जातं. आपल्या विमानात हे आवाजाच्या ७२ टक्क्यांवर सुरू होतं असं धरू. समुद्रसपाटीला ती मर्यादा ४७६ नॉट, म्हणजे स्टॉलपासून मैदानभर लांब. ११ किलोमीटरवर खरा वेग ४१३, पण काट्यावर तो दिसतो २२५. २० किलोमीटरवर तेच ४१३ काट्यावर दिसतात १११. खाली १००, वर १११. आणखी सव्वा-दीड किलोमीटर चढलात की दोन्ही एक. हवा दाबली गेल्यानं काट्यात थोडा फरक पडतो, तो मी सोडून दिलाय.

शब्दवेडी:
म्हणजे काट्यावर पाहिलं तर खालची रेघ जागेवर आणि वरची खाली येते. खऱ्या वेगात पाहिलं तर वरची जागेवर आणि खालची वर चढते?

कृष्णाकाठ:
११ किलोमीटरच्या वर अगदी हेच. तक्त्यावर आडवा वेग आणि उभी उंची घेऊन दोन्ही रेघा काढा. वर जिथे त्या मिळतात ते टोक, तोच हा कॉर्नर. खोलीचा कोपरा इथे नाहीच.

मिरजवाला:
आवाजाचं चुकलं, मान्य. पण यू-टू विमानाबद्दल असं वाचलंय की वळताना आतला पंख स्टॉल होतो आणि बाहेरचा मर्यादा ओलांडतो, इतकी जागा कमी असते.

कृष्णाकाठ:
यू-टू ७० हजार फुटांच्या आसपास उडतं आणि तिथे त्याच्याकडे १० नॉट किंवा त्याहूनही कमी जागा असते, हे खरं. पंखांची गोष्ट मीही ऐकलीय, पण गणित करून बघा. सुरुवातीच्या यू-टूच्या पंखांचा विस्तार ८० फूट, वेग ४०० नॉट, ३० अंशांचं वळण. वळणाची त्रिज्या साडेसात किलोमीटर येते आणि दोन टोकांच्या खऱ्या वेगात फरक पडतो जेमतेम एक नॉट. खरा घाला वजनाचा. ३० अंश कललं की पंखाला १५ टक्के जास्त भार उचलावा लागतो, म्हणून स्टॉलचा वेग १०० वरून १०७ च्या पुढे जातो. ११ ची जागा चारच्याही आत येते. वरची मर्यादाही भारामुळे थोडी अलीकडे सरकते.

मिरजवाला:
गणित पटतंय. पण वैमानिकच तसं सांगत असतील तर त्यात काहीतरी असणारच. मी ते सोडत नाही.

कृष्णाकाठ:
नका सोडू. मला त्याहून भयंकर वाटतं ते दुसरंच. दोन्हीकडची थरथर हाताला सारखीच लागते. स्टॉलची असेल तर नाक खाली करून वेग घ्यायचा, दुसऱ्या टोकाची असेल तर वेग कमी करायचा. उपाय उलटे. चुकीचा केला की होतं तेच वाढतं.

घाटवाट:
आमच्या प्रवासी विमानांचं काय? मुलगी दिल्लीला असते, म्हणून विचारतो.

कृष्णाकाठ:
काका, निर्धास्त राहा. ती विमानं त्या टोकाच्या बरीच खाली ठेवतात. त्या दिवशीच्या वजनावरून उंचीची मर्यादा काढतात, आणि साधारण ४० अंशांच्या वळणातही थरथर सुरू होणार नाही इतकी जागा राखतात. इंधन जळून वजन उतरलं की मग वर चढतात.

अंगणवेल, वाई:
तुमच्या दोन रेघा वाचताना ‘कात्रीत सापडणे’ आठवलं. दोन पाती, मध्ये माणूस, आणि खिळ्याकडे सरकावं तशी जागा कमी. ‘वेगाची कात्री’ म्हणा. मृत्यू शब्दात आणायची गरज नाही, कात्रीतून माघारी येता येतं.

शब्दवेडी:
कात्री आवडली. पण कात्री मिटते ती पाती हलल्यामुळे. इथे रेघा स्थिर आहेत, विमानच आत शिरतं. त्यासाठी ‘निमुळता’ जवळचा वाटतो. ‘निमुळतं टोक’ लिहिलं तर मुलांना आकृतीत बोट ठेवून दाखवता येईल.

अंगणवेल:
टोकात धोका दिसत नाही ना पण. नुसतं टोक तर पेन्सिलीलाही असतं.

घाटवाट:
आमच्याकडे घाटात पुढे रस्ता चिंचोळा होतो तिथे ‘चिमटा’ म्हणायचे. दोन गाड्या समोरासमोर आल्या की मागे घ्यावंच लागायचं.

शब्दवेडी:
काका, हे लिहून घेतलं. तक्त्यावर सध्या पेन्सिलीनं ‘वेगाचा चिमटा’ लिहिते, आणि १०० व १११ च्या रेघा लाल-निळ्या काढते. शनिवारी वर्गात दोन्ही शब्द सांगते, मुलं कोणता वापरतात ते कळवीन.